मधला डबा आणि त्याच्या दोन बाजू

तीन वर्षांपूर्वी भाऊबीज उरकल्यावर वहिनींनी त्यांची ऑर्डरची वही माझ्यापुढे ठेवली. नाशिकला इंदिरानगरमधल्या घरातून त्या दिवाळीचा फराळ करून विकतात. हाताखाली दोन बायका असतात, पॅकिंगला घरातली मुलं आणि पोचवायला मी. "भाऊजी, सेहेचाळीस दारं हिंडलो. मग हातात एवढंच कसं उरलं?" असा त्यांचा प्रश्न होता.

वहीतच उत्तर होतं. त्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोस्टमध्ये दोनच डबे होते: एक किलोचा ४५० रुपयांना आणि अडीच किलोचा १,०८० रुपयांना. सेहेचाळीस डब्यांपैकी तेहेतीस लहान गेले होते. सामान, गॅस, डबे आणि मदतनिसांची मजुरी वजा केली की लहान डब्यामागे १४५ रुपये उरत आणि मोठ्यामागे ३६०. दार मात्र तेवढंच लांब, जिना तेवढाच आणि फोनही तेवढेच.

पुढच्या वर्षी आम्ही दोनाचे तीन डबे केले आणि मधला डबा जास्तीत जास्त घरांनी घ्यावा अशा बेताने पोस्ट लिहिली. तो बेत जमला. तेव्हापासून एक प्रश्न मला अनेकांनी विचारलाय, आणि तो टाळावा असा नाही. लोकांनी काय घ्यावं हे आधी ठरवून त्यांच्यापुढे तीन किमती मांडायच्या, ही चलाखी नव्हे का? माझं म्हणणं असं की ती चलाखी आहे की नाही हे मधल्या डब्यावरून ठरतच नाही. ते त्याच्या दोन्ही बाजूंच्या डब्यांवरून ठरतं.

आधी हे घडतं कसं ते सांगतो. बाजारशास्त्राचे अभ्यासक इतामार सायमनसन यांनी १९८९ साली एक निबंध लिहिला. त्यात मांडलं होतं की काय घ्यावं हे नीट ठरत नसलं की माणूस कारण देता येईल अशी वस्तू निवडतो, आणि मधल्या पर्यायाला कारण देणं सगळ्यांत सोपं जातं. १९९२ साली त्यांनी आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी मिनोल्टा कॅमेऱ्यांचं उदाहरण छापलं. सुमारे १७० आणि २४० डॉलरचे दोन कॅमेरे पुढे ठेवले तेव्हा निवड निम्मीनिम्मी झाली. तिसरा, सुमारे ४७० डॉलरचा, शेजारी ठेवल्यावर मधला ५७ टक्के लोकांनी निवडला, स्वस्त २२ टक्क्यांनी आणि महाग २१ टक्क्यांनी. मधला कॅमेरा होता तसाच होता. त्याच्या पलीकडे काहीतरी आलं, एवढाच फरक पडला.

आपल्याकडच्या घरात हे समजायला कॅमेऱ्याची गरजही नाही. फराळ सहसा एकट्याने ठरत नाही. सूनबाई फोनवर पोस्ट बघते, सासूबाई विचारतात "काय मागवलंस?", नवरा विचारतो "केवढ्याला?" तिला दोघांनाही उत्तर द्यायचं असतं. लहान डबा मागवला तर "सणासुदीला एवढंच?" आणि मोठा मागवला तर "इतकं कोण खाणार?" मधल्याला दोन्हीकडे उत्तर आहे. दोनच डबे होते तेव्हा अडीच किलोचा डबा 'मोठा' होता, म्हणून घरात त्याचं समर्थन करावं लागत होतं. चार किलोचा शेजारी आल्यावर ते समर्थन आपोआप झालं.

तेव्हा परिणाम खरा आहे. तो कसा वापरायचा, इथे मतभेद सुरू होतात.

मी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. दर महिन्याला माझ्या टेबलावर तीन-तीन कोटेशनं येतात. नियमच आहे की तीन पुरवठादारांचे दर मागवायचे आणि तुलना करून खरेदी करायची. आता त्यातली दोन कोटेशनं नुसती फाइल भरण्यासाठी, ठरलेल्या माणसाचा दर बरा दिसावा म्हणून आणलेली असतील, तर त्याला आमच्या धंद्यात गैरव्यवहार म्हणतात आणि त्यासाठी नोकरी जाते. कागदावर तीन पर्याय असतात, प्रत्यक्षात एकच असतो. तुलना झालीच नाही, तिचा देखावा झाला.

म्हणून एका उद्योजकता शिबिरात मी हे वाक्य ऐकलं तेव्हा मला ते पटलं नाही, आजही पटत नाही: "सगळ्यांत महाग पॅकेज विकायचं नसतं, दाखवायचं असतं." समोर पन्नास बायका वहीत लिहून घेत होत्या. कुणी पापड-कुरडयांचं वाळवण करणाऱ्या, कुणी पैठणीच्या पर्सेस शिवणाऱ्या. त्यांना शिकवलं जात होतं ते बनावट कोटेशनच. मोठा डबा फुगवून लिहायचा, तो करायची तयारी ठेवायची नाही, आणि कुणी मागितलाच तर "संपला हो, मधला देऊ का?" म्हणायचं.

हे मला स्वतः भोगावं लागलंय. एका फेब्रुवारीत एका विक्रेत्याची द्राक्षांची पोस्ट आली होती, तीन आकारांच्या पेट्या. घरी पाहुणे असल्यामुळे मी सर्वांत मोठी मागितली. ती नव्हती. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तरी नव्हती. शेजारच्या इमारतीतल्या तिघांनाही तेच उत्तर मिळाल्याचं नंतर कळलं. मधली पेटी घेतली, द्राक्षं गोड होती, पण त्या माणसाकडून पुन्हा काही घेतलं नाही. एकाच सोसायटीत, एकाच ग्रुपवर विकणाऱ्याने हे विसरू नये की त्याची गिऱ्हाइकं एकमेकांना लिफ्टमध्ये भेटतात.

कायद्यालाही हे मान्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अशा तेरा प्रकारांची यादी आहे आणि एक गोष्ट दाखवून दुसरीच गळ्यात मारणं त्यात स्पष्टपणे आहे. ती तत्त्वं मोठ्या संकेतस्थळांपुरती नाहीत, जाहिरातदार आणि विक्रेते यांनाही लागू आहेत. घरून डबे विकणाऱ्या बाईवर उद्या कुणी खटला भरेल असं मी म्हणत नाही. पण जे मोठ्या कंपनीने केलं तर आपण फसवणूक म्हणतो, ते आपल्या पोस्टमध्ये आलं की त्याला 'मार्केटिंग' म्हणायचं, हे मला जमत नाही.

म्हणून आम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी किमती नाहीत, आधी घर. चार माणसांच्या घरात दिवाळीच्या पाच-सहा दिवसांत, येणारे-जाणारे धरून, किती फराळ संपतो? वहिनींनी ओळखीच्या दहा-बारा घरांत विचारलं. अडीच किलोच्या आसपास उत्तर आलं. बाजारात असतात तेच जिन्नस, फक्त चिवडा आणि शंकरपाळे मुलांमुळे जास्त लागतात, लाडू मोजून खाल्ले जातात आणि करंज्या पाहुण्यांसाठी राखल्या जातात. त्यावरून मधला डबा ठरला: चकली, चिवडा, शंकरपाळे आणि बेसन लाडू प्रत्येकी अर्धा किलो, शेव आणि करंजी पाव-पाव किलो.

वहिनींचे सुट्टे दर किलोमागे असे होते: चकली ५००, चिवडा आणि शेव ३६०, शंकरपाळे ४००, बेसन लाडू ६००, करंजी ६४०, अनारसे ८००. या दरांनी मधल्या डब्याची बेरीज १,१८० येते. डबा १,०८० ला ठेवला. शंभर रुपयांची सूट उदारपणाची नव्हती. सगळ्यांचे डबे सारखे असले की घाण्यांचा हिशेब आधी करता येतो. चकलीचे किती घाणे काढायचे, भाजणी किती दळून आणायची, बेसन किती भाजायचं हे दसऱ्यालाच कळतं. "अडीचशे चकली, शंभर शेव, लाडू चारच" अशा वीस तऱ्हेच्या सुट्ट्या ऑर्डरींमध्ये जे वाया जातं आणि जो वेळ जातो, तो वाचतो. वाचलेल्यातला काही भाग गिऱ्हाइकाला दिला. एकत्र बांधून विकण्याच्या सवलतीमागे असं सांगता येणारं कारण असावं. ते नसेल तर सुट्टे दर आधी चढवून मग सूट दाखवावी लागते, आणि सुट्टे दर तर लोकांना पाठ असतात.

मग लहान डबा. इथे आमची पहिली चूक झाली होती. आधीच्या वर्षीचा एक किलोचा ४५० वाला डबा आम्ही तसाच ठेवणार होतो. पण ४५० वरून १,०८० ही उडी फार मोठी आहे. पायरी इतकी उंच असली की माणूस खालीच थांबतो आणि वर तिसरी पायरी असली तरी त्याला तिचा उपयोग नसतो. कॅमेऱ्यांच्या किमती पुन्हा पाहा: पहिला आणि दुसरा यांत ७० डॉलरचं अंतर, दुसरा आणि तिसरा यांत २३०. मधला खालच्याच्या जवळ आणि वरच्यापासून दूर असेल तर "थोडेच जास्त टाकले की बरंच मिळतं" असं वाटतं. आमच्या आराखड्यात ६३० आणि ६८० अशी जवळपास सारखी अंतरं होती.

हे सुधारायचा सोपा मार्ग मधला स्वस्त करणं हा नव्हता, लहान महाग करणं हा तर नव्हताच. लहान डबाच नीट करणं हा होता. एक किलोत चार जिन्नस पाव-पाव किलो, हे दोघांच्या घरालाही अपुरं होतं. वहिनींनाच ते आधीपासून खटकत होतं. तो दीड किलोचा केला: चिवडा आणि बेसन लाडू अर्धा-अर्धा किलो, चकली आणि शंकरपाळे पाव-पाव. सुट्टी बेरीज ७०५, डब्याची किंमत ६९०. आता पहिली पायरी ३९० ची झाली.

मोठा डबा चार किलोचा. त्यात चिवडा एक किलो, चकली पाऊण, शेव, शंकरपाळे, बेसन लाडू आणि करंजी अर्धा-अर्धा किलो, आणि पाव किलो अनारसे. सुट्टी बेरीज १,९३५, किंमत १,७६०. अनारसे घातले ते डबा भारी दिसावा म्हणून नाही. ज्या घरात पंधरा-वीस माणसं जमतात तिथे कुणीतरी वडीलधारं माणूस अनारसे विचारतंच.

पण अनारशांनी एक अडचण आणली आणि तिच्यामुळेच मला हा सगळा विषय नीट कळला. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचे, गूळ मिसळून ते पीठ मुरू द्यायचं. ऐन वसुबारसेला कुणी ऑर्डर दिली तर पीठ उभं करता येत नाही. वहिनींची झेप पंधरा डब्यांची होती. म्हणून पोस्टमध्ये "अनारशांमुळे पंधराच डबे, दसऱ्यानंतर आठ दिवसांत सांगा" असं लिहिलं. हे वाचून एका मित्राने कौतुक केलं की टंचाईचा छान वापर केलास. वापर कसला, टंचाई होतीच. सव्वीस जणांनी मागितले असते तर अकरा जणांना नाही म्हणावं लागलं असतं. मार्गदर्शक तत्त्वांच्या यादीत खोटी घाई हाही एक प्रकार आहे. खरी मर्यादा कारणासकट सांगणं आणि "शेवटचे तीन!" असं रोज सकाळी टाकणं यांत फरक आहे. वाचणाऱ्याला तो कळतो, कारण खऱ्या मर्यादेला तारीख असते आणि ती पाळली जाते.

आता पोस्ट. शेवटी लोकांना दिसते ती तीच. आम्ही पाठवली ती अशी होती:

> दिवाळी फराळ, घरी केलेला. तीन डबे:
>
> दोघांचा डबा, दीड किलो, ₹६९०
> चौघांचा डबा, अडीच किलो, ₹१,०८० (शेव आणि करंजीसह)
> पाहुण्यांचा डबा, चार किलो, ₹१,७६० (शेव, करंजी आणि अनारशांसह, पंधराच डबे)
>
> चौघांचा डबा चार माणसांच्या घराला पाच-सहा दिवस पुरतो. सगळे जिन्नस सुट्टेही मिळतील, दर खाली आहेत. इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा घरपोच, वेगळे पैसे नाहीत. नाशिक रोड, पंचवटी, गंगापूर रोड ₹४०.

यातल्या चार-पाच गोष्टींवर आम्ही बराच वेळ घालवला. तिन्ही किमती एकाखाली एक आणि सुरुवातीलाच आहेत, कारण लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धा झाकला जातो. तिसरा डबा झाकलेल्या भागात गेला तर वाचणाऱ्यापुढे दोनच राहतात आणि आपण पुन्हा तेहेतीस लहान डब्यांवर येतो. फोटोही एकच काढला. तिन्ही डबे एका ओट्यावर, एकाच अंतरावरून, झाकणं उघडी. तीन वेगळे फोटो टाकले की माणूस पहिला बघतो आणि तिथेच ठरवतो. शिवाय वेगळ्या फोटोत लहान डबा जवळून काढला तर तो मोठ्याएवढा दिसतो, तीही एक फसगतच.

नावांचा विचार सर्वांत जास्त केला. आधी 'छोटा, मध्यम, मोठा' होतं. तेव्हा छोटा घेणाऱ्याला आपण कमी घेतोय असं वाटावं, ही योजना नकळत त्यात होती. काही जण तर खालच्या डब्याला 'चवीपुरता' वगैरे नाव देतात. गिऱ्हाइकाला ओशाळं करून वर ढकलणं हाही त्या तेरा प्रकारांतलाच एक, पण यादीत नसता तरी मी तो केला नसता. आमच्या कॉलनीत मुलं पुण्याला-परदेशी असलेली, दोघंच राहणारी कितीतरी घरं आहेत. त्यांना दीड किलोच बरोबर आहे. 'दोघांचा डबा' म्हटल्यावर ते ताठ मानेने तो मागतात. आणि चौघांच्या घरातल्या बाईला 'चौघांचा डबा' वाचल्यावर हिशेबच करावा लागत नाही. किमतीच्या मांडणीपेक्षा या एका नावाने जास्त काम केलं असं माझं मत आहे. 'सर्वाधिक विकला जाणारा' असं पहिल्या वर्षी लिहिलं नाही, कारण तोवर एकही विकला गेला नव्हता.

माझे एक जुने शिक्षक पंचवटीत राहतात. त्यांना हे सगळं खटकलं. त्यांचं म्हणणं होतं की प्रामाणिक माणसाने जिन्नस आणि दर लिहावेत, निवड लोकांवर सोडावी. मी त्यांचा आदर करतो, पण इथे ते चुकतात असं मला वाटतं. डबे सुरू करण्याआधी दोन वर्षं आम्ही तसंच केलं होतं, अकरा जिन्नसांची यादी होती. लोक फोन करून विचारत, "काय आणि किती घेऊ?" वहिनी तोंडी सांगत, आणि तेव्हा त्या सांगत ते साधारण मधल्या डब्याएवढंच असे. ज्यांना फोन करायचा संकोच होता ते यादीतले वरचे दोन जिन्नस मागवत. म्हणजे यादीसुद्धा कुठेतरी ढकलतच होती, फक्त कुणी विचारपूर्वक ठरवलेलं नव्हतं. कुठलीही मांडणी तटस्थ नसते. मांडणारा जबाबदारी घेतो की नाही, एवढंच उरतं. सरांची एक सूचना मात्र मी उचलली. सुट्टे दर त्याच पोस्टमध्ये खाली द्यायचे, म्हणजे ज्याला बेरीज करून पाहायची आहे त्याला ती करता यावी. मोठ्या डब्याचा किलोमागचा दर ४४० पडतो आणि मधल्याचा ४३२, हे असं बेरीज करणाऱ्या एका गृहस्थांनी लगेच विचारलं. अनारसे महाग म्हणून, हे उत्तर त्यांना पटलं.

या खेळातली आणखी एक युक्ती आहे आणि ती मी बाजूला ठेवली. मधल्याच्या शेजारी मुद्दाम एक वाईट डबा ठेवायचा, जसं दोन किलो १,०५० ला, म्हणजे अडीच किलो १,०८० ला फुकट वाटावा. १९८२ साली ह्यूबर, पेन आणि पुटो या अभ्यासकांनी असा परिणाम दाखवला होता. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की पर्याय नुसत्या आकड्यांत नसून चित्रात दिसत असले किंवा चाखता येत असले की तो परिणाम बहुतेक टिकत नाही. फराळाचा तर फोटो असतो आणि वहिनींची चकली अर्ध्या कॉलनीने खाल्लेली असते. पण उपयोग झाला असता तरी मी ते केलं नसतं. जो डबा कुणीच घेऊ नये अशी आपली इच्छा आहे, तो चुकून एखाद्या आजींनी घेतला तर? घाईत वाचणारे, चष्मा शोधत वाचणारेच अशा डब्यात सापडतात.

यातून माझी एक कसोटी तयार झाली. तिन्ही डब्यांमागे किलोला काय उरतं ते मी काढलं. दोघांच्या डब्यात खर्च ४७०, उरतात २२०. चौघांच्यात खर्च ७२०, उरतात ३६०. पाहुण्यांच्यात खर्च १,१९०, उरतात ५७०. किलोमागे हे १४७, १४४ आणि १४३ रुपये येतात, म्हणजे जवळपास सारखे. कुणी कुठलाही डबा घेतला तरी तो लुबाडला गेला असं होत नाही. मधला जास्त जावा अशी आमची इच्छा फेऱ्या वाचाव्यात आणि घाण्यांचा हिशेब बसावा म्हणून आहे, आणि हे मी कुठल्याही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगू शकतो. एखाद्याच्या मधल्या डब्यात किलोमागे खालच्याच्या दुप्पट उरत असेल, तर तो लोकांना त्यांच्या सोयीसाठी मध्ये आणत नाही.

त्या वर्षी बावन्न डबे गेले: दोघांचे पंधरा, चौघांचे अठ्ठावीस, पाहुण्यांचे नऊ. आधीच्या वर्षी डब्यांतून साडेनऊ हजारांच्या आत उरले होते, त्या वर्षी साडेअठरा हजार. फेऱ्या फक्त सहा वाढल्या. यावरून तीन किमतींनीच सगळं घडवलं असं मी म्हणणार नाही. लहान डबा मोठा झाला होता, नावं बदलली होती, गिऱ्हाइकं थोडी वाढली होती. आणि ज्यांना काय हवंय ते पक्कं माहीत असतं त्यांच्यावर या मांडणीचा काही परिणाम झाला नाही. अनारसेच हवेत म्हणणाऱ्यांनी फक्त अनारसे नेले. ज्यांनी पाचशे रुपये ठरवले होते त्यांनी सुट्टा माल पाचशेचाच घेतला. मधल्याकडे झुकतो तो साशंक माणूस.

खरी तपासणी आम्ही तुळशीच्या लग्नानंतर केली. मधला डबा घेतलेल्या वीस घरांना वहिनींनी फोन केला आणि एकच विचारलं, "उरलं का काही?" चौदा घरांत संपला होता. तिघांकडे थोडा चिवडा होता. तिघांनी सांगितलं की शंकरपाळे मऊ पडले, ते डब्याच्या झाकणाचं काम होतं, पुढच्या वर्षी डबे बदलले. निम्म्या घरांत अर्धा-अर्धा किलो उरला असता तर आकडे कितीही छान दिसले तरी मधला डबा चुकला होता असं मी समजलो असतो. आपण लोकांना त्यांच्या गरजेपलीकडे विकलं, एवढाच त्याचा अर्थ. आणखी दोन खुणा मी पाहतो. पाहुण्यांचा डबा कुणीच मागत नसेल तर तो देखाव्याचा झालाय, त्याची रचना बदलायची किंवा तो काढायचा. आणि "मधल्यातून करंजी काढा, चकली वाढवा" अशा विनंत्या वाढल्या तर मधला डबा आपल्या डोक्यातला आहे, घरातला नाही.

यंदा तेल आणि हरभरा डाळ महागली, म्हणून दर वाढवणं भागच होतं. कालिकेची यात्रा सुरू असतानाच आम्ही हिशेबाला बसलो. वहिनींची मुलगी कॉमर्स शिकते. तिने सुचवलं की मधला १,०८० वरच ठेवावा आणि त्याचा तोटा दोघांच्या डब्यात भरून काढावा, तो ७९० चा करावा. मग मधला अगदी स्वस्त वाटेल, सगळे तोच घेतील. आकड्यांनी ती बरोबर होती. वहिनींनी पेन खाली ठेवलं आणि तिला शेजारच्या विंगमधल्या आजी-आजोबांचं नाव घेऊन विचारलं, "त्यांनी अडीच किलोचं काय करायचं गं?"

तिन्ही डबे एकाच प्रमाणात वाढवले: ७३०, १,१४० आणि १,८६०. पोस्टमध्ये दरांच्या खाली एक ओळ घातली की तेल-डाळ वाढल्यामुळे तिन्ही डबे आणि सुट्टे जिन्नस सारखेच वाढवले आहेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाठवली. पहिली ऑर्डर त्या आजींचीच आली, दोघांचा डबा, आणि खाली लिहिलं होतं की चकली थोडी कमी तिखट करा.